सत्कार झाला, अभिनंदन राहिलं

पाटोद्याच्या बाजारपेठेत एक समज पक्का बसलेला आहे. धंद्यातल्या ओळखीच्या माणसाला बढती मिळाली किंवा पुरस्कार मिळाला, की त्याला दुकानात बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, जमलं तर फेटा बांधायचा, मागे दहा माणसं उभी करून फोटो काढायचा आणि तो दिवस मावळायच्या आत स्टेटसला टाकायचा. जेवढा मोठा हार तेवढं नातं घट्ट, असा हा हिशोब. हे न करणारा एक तर कंजूष ठरतो, नाही तर मनातून जळणारा. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. धंद्यातलं नातं उबदार ठेवायचं असेल तर हा सत्कार बहुतेक वेळा उपयोगाचा नाही, काही वेळा तो नडतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो केल्यावर अभिनंदन केल्याचं समाधान मिळतं, त्यामुळे खरं अभिनंदन करायचं राहूनच जातं.

आधी पाटोद्यात बढती म्हणजे काय, ते पाहू. बालाघाटच्या डोंगरातला हा तालुका. मांजरा नदी इथे उगम पावते, पण पाऊस बेताचा, आणि दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा ठिकाणी बँकेचा शाखाधिकारी, बियाणं-खताच्या कंपनीचा सेल्स ऑफिसर, विम्याचा किंवा सूक्ष्मसिंचन कंपनीचा प्रतिनिधी ज्या पायरीवर असतो, त्या पायरीच्या वरची खुर्ची पाटोद्यात नसतेच. ती बीडला असते, अहिल्यानगरला असते, नाही तर छत्रपती संभाजीनगरला. म्हणजे इथे बढती आणि बदली एकाच कागदावर येतात. मुंबई-पुण्यातल्या कचेरीत बढती मिळालेला माणूस वरच्या मजल्यावर जातो आणि तरीही रोज भेटतो. इथला माणूस पंधरा दिवसांत खोली रिकामी करून जातो. त्याचं अभिनंदन करणारा दुकानदार खरं तर अशा माणसाशी बोलत असतो, ज्याचा उद्यापासून रोजच्या व्यवहारात काही उपयोग नाही. आणि जाणाऱ्यालाही हे पुरतं ठाऊक असतं. म्हणून तो त्या आठवड्यात प्रत्येकाचं बोलणं जरा जास्तच बारकाईने ऐकतो: हे माझ्यासाठी होतं, की माझ्या खुर्चीसाठी?

आता या प्रश्नाला शाल काय उत्तर देते? काहीच नाही. त्याच दुकानातली तशीच शाल पुढच्या आठवड्यात नव्या साहेबांच्या स्वागताला निघते, आणि फोटोत मागे तीच दहा माणसं असतात. चौकात फ्लेक्स लावला तर बघा, सत्कारमूर्तीचा चेहरा एक आणि शुभेच्छुकांचे चेहरे पंधरा, त्यावर एका नेत्याचा सगळ्यांहून मोठा. बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी लागला यावरून माणूस कोणत्या बाजूचा हे ठरवलं जातं. ज्या अधिकाऱ्याला सगळ्या गावांत आणि सगळ्या समाजांत धंदा करायचा आहे, त्याला न विचारता एका रांगेत उभं करणं हा आपुलकीचा प्रकार नव्हे. फ्लेक्स परवानगीशिवाय लागला असेल तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याची भानगड वेगळीच. आणि सत्कार स्वीकारणारा सरकारी नोकर असेल तर अडचण आणखी वाढते. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला १४ वा नियम सांगतो, की आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभा-समारंभाला पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा खाजगी, अनौपचारिक निरोप तेवढा चालतो. राज्याच्या १९७९ च्या नियमांतही भेटवस्तू आणि सत्कारांवर बंधनं आहेत. म्हणजे ज्याला आपण मान देतो आहोत असं वाटतं, त्याला आपण खुलासा लिहायला लावण्याची शक्यता निर्माण करतो. तो नाही म्हणू शकत नाही, कारण दारात हार घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं आपल्याकडे अपमान समजला जातो. या भागाला समजेल असं सांगायचं तर हा सत्कार म्हणजे मुकादमाची उचल आहे. आधी हातात ठेवायची, आणि मग हंगामभर फेडून घ्यायची.

नुसत्या तत्त्वावर हे सोडत नाही, कारण याला अभ्यासाचा आधार आहे. शेली गेबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा कसा प्रतिसाद देतो, याचे त्यांनी चार प्रकार केले. एक जण रस घेऊन विचारतो, बातमीत शिरतो. दुसरा ‘छान झालं’ म्हणून गप्प बसतो. तिसरा ‘आता काम वाढेल, बघा’ म्हणून खोट काढतो. चौथा विषयच बदलतो. नातं सुधारत असल्याचं फक्त पहिल्या प्रकारात दिसलं. दुसरा प्रकार, म्हणजे गोड पण थंड शुभेच्छा, हा आपल्याला चांगला वाटतो, पण त्याने नात्यात भर पडताना दिसली नाही. हा अभ्यास मुख्यतः जोडप्यांवर आणि जवळच्या नात्यांवर झालेला आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा बाजारपेठेवर लादणं बरोबर नाही, हे मान्य. तरीही त्यातली एक गोष्ट इथे थेट लागू पडते. ‘हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे वाक्य दुसऱ्या प्रकारातलं आहे, मग ते मोबाईलवर येवो की दहा बाय आठच्या फ्लेक्सवर. आकार वाढवल्याने त्याचा प्रकार बदलत नाही.

मग पहिल्या प्रकारचं अभिनंदन धंद्यात कसं दिसतं? एक उदाहरण नीट उलगडून पाहू. समजा, पाटोद्यात एक कृषी सेवा केंद्र आहे आणि बियाण्याच्या कंपनीचा, चार वर्षं हा तालुका बघणारा सेल्स ऑफिसर एरिया मॅनेजर झाला. अशा बढत्या बऱ्याच कंपन्यांत आर्थिक वर्ष संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात होतात. दुकानदारासाठी हीच वेळ अडचणीची असते. खरिपाचा माल भरायचा असतो, कापसाच्या बियाण्याचं बुकिंग असतं, उधारीची मर्यादा ठरायची असते, आणि गेल्या हंगामातल्या स्कीमची क्रेडिट नोट अजून आलेली नसते. न खपलेल्या पाकिटांचा परतावाही लटकलेला असतो. अशा वेळी बढतीची बातमी येते आणि बोटं आपोआप टाइप करतात: ‘हार्दिक अभिनंदन साहेब, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तेवढी मागची क्रेडिट नोट जाता जाता क्लिअर करून द्या.’ दुकानदाराची मागणी रास्त आहे, पैसे त्याच्या हक्काचे आहेत. पण हे दोन वाक्यांचं लग्न लावल्यावर पहिलं वाक्य दुसऱ्याची प्रस्तावना होतं. वाचणारा पहिलं वाक्य वाचतच नाही, थेट क्रेडिट नोटवर जातो. नोट मिळेलही, पण अभिनंदन गेलं.

आता हेच दुसऱ्या रीतीने लिहून बघा. ‘साहेब, एरिया मॅनेजर झाल्याचं आज कळलं. फार आनंद झाला, अभिनंदन. त्या साली उगवणीची तक्रार आली तेव्हा तुम्ही फोनवर न मिटवता स्वतः त्या वस्तीवर गेलात, शेतकऱ्यासमोर उकरून बी पाहिलं आणि चूक कंपनीची असेल तर कंपनी भरेल असं सांगितलंत. तो शेतकरी आजही आमच्याकडेच येतो. आता किती तालुके तुमच्याकडे आले? वहिनींना आणि मुलांना नमस्कार सांगा.’ एवढंच. क्रेडिट नोटेचा फोन दोन दिवसांनी, वेगळा, नेहमीच्या कामाच्या आवाजात करायचा. तो टाळायचा नाही, कारण हक्काचे पैसे मागायला लाजणं ही ऊब नव्हे. फक्त दोन्ही एका निरोपात घालायचं नाही.

या छोट्या निरोपात काय काय आहे ते पाहा. पद नेमकं लिहिलं आहे, ‘प्रमोशनबद्दल’ असं मोघम नाही. एक प्रसंग आहे, आणि तो असा आहे की दुसऱ्या दुकानदाराला लिहिताच येणार नाही. त्या प्रसंगात साहेबांचा स्वभाव किंवा मोठेपणा नाही, त्यांनी केलेलं काम आहे. ‘तुम्ही फार हुशार’ यावर माणूस संकोचतो, पण ‘तुम्ही स्वतः जाऊन बी उकरलं’ यावर तो त्या दिवसात परत जातो. त्या कामाचा पुढे काय परिणाम झाला हे सांगितलं आहे, आणि ही माहिती त्याला दुसरं कोणी देणार नाही, कारण शेतकरी दुकानात परत आला हे कंपनीच्या तक्त्यात दिसत नाही. शेवटी एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर त्याला आनंदाने देता येईल. गेबलच्या पहिल्या प्रकारातलं ‘रस घेऊन विचारणं’ ते हेच. आणि कुठेही ‘आमच्यावर लक्ष असू द्या’ नाही.

हे जमलं की नाही, ते उत्तरावरून बऱ्यापैकी कळतं. जोडलेल्या हातांचं चित्र आलं तर निरोप पोहोचला, एवढाच अर्थ. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, त्या दिवशी त्याला शंभर निरोप आलेले असतात. पण ‘अहो, त्या दिवशी गाडी चिखलात रुतली होती, तुमच्याच पोराने ढकलली’ असं काही आलं, तर समजावं की नातं खुर्चीवरून माणसावर आलं.

इथे मनापासून, प्रेमानेच म्हटली जाणारी पण घात करणारी काही वाक्यं सांगायलाच हवीत. पहिलं: ‘सुटलात बघा साहेब इथून एकदाचे.’ पाटोद्याच्या माणसाने स्वतःच्या गावावर केलेला हा विनोद असतो. पण ऐकणाऱ्याची चार वर्षं त्यात शिक्षा ठरतात. शिवाय त्याला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. दुसरं: ‘मोठे झालात, आता आम्हाला विसरू नका.’ हे ऐकायला लाडिक आहे, पण ते अभिनंदन नाही, आगाऊ तक्रार आहे. तिसरं जास्त धोक्याचं: ‘तुमच्यासारखा माणूस आता येणार नाही.’ जो येणार आहे तो बहुधा याच साहेबांच्या हाताखाली येणार आहे, कदाचित त्यांनीच निवडलेला. त्याला येण्याआधीच कमी लेखून आपण दोघांनाही अवघडवतो, आणि दोन महिन्यांनी हेच वाक्य त्याच्या कानावर जाणार, याची खात्री तालुक्याच्या गावात बाळगायला हरकत नाही.

भेटवस्तू द्यावी का? बऱ्याच कंपन्या आणि बँका आपल्या माणसांना भेटी घेण्यावर मर्यादा घालतात, त्यामुळे चांदीचं नाणं, मिक्सर, घड्याळ असलं काही दिलं की माणूस पेचात पडतो. माझ्या मते या तालुक्याकडे एक फार चांगली गोष्ट आहे आणि तिचा उपयोग सत्कारवाल्यांना सुचलेला नाही. बालाघाटचं सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. एप्रिलच्या बढतीला ते मिळत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. त्या आठवड्यात सगळेच काहीतरी देतात, ऑक्टोबरमध्ये कोणी देत नाही. तेव्हा हार वाळून सहा महिने झालेले असतात, नवी खुर्ची अंगवळणी पडलेली असते, आणि पाटोद्याहून एक पेटी येते. डोळे उघडलेलं पण अजून कडक असलेलं फळ घ्यायचं, म्हणजे प्रवासात दबत नाही आणि दोन-चार दिवसांत घरीच पिकतं. पूर्ण पिकलेलं पाठवलं तर रस्त्यात लगदा होतो. पेटीत चिठ्ठी एका ओळीची: ‘यंदाची पहिली तोड.’ किंमत इतकी कमी की कुणाला खुलासा द्यावा लागत नाही, आठवड्यात खाऊन संपतं म्हणून दर्शनी कपाटात मिरवत नाही, आणि त्याबद्दल काही मागितलेलंही नसतं. मात्र नेमकी त्याच महिन्यात आपली मोठी मागणी त्याच्या टेबलावर असेल तर पेटी पाठवू नये. तेव्हा सीताफळाचीसुद्धा उचल होते.

पुरस्काराचं गणित थोडं वेगळं, कारण तिथे आधी चौकशी करावी लागते. पाटोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बाहेरगावचा कोणी ‘तुमच्या आदर्श गावाबद्दल अभिनंदन’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा असतं, भास्करराव पेरे पाटलांच्या ग्रामपंचायतीचं, स्वच्छतेसाठी गाजलेलं. बीडचं पाटोदा वेगळं, इथे नगरपंचायत आहे. चुकीच्या गावाचं अभिनंदन स्वीकारायचं की दुरुस्त करायचं, हा अवघडलेपणा इथल्या लोकांना चांगला ठाऊक आहे, पण दुसऱ्याचं अभिनंदन करताना तीच चूक होते. राज्य सरकारच्या शेती पुरस्कारांत कृषिभूषण वेगळा, शेतीनिष्ठ वेगळा, उद्यानपंडित वेगळा. ज्याला उद्यानपंडित मिळाला त्याला कृषिभूषणाच्या शुभेच्छा दिल्या, की आपण बातमी वाचलीच नाही हे त्याला कळतं. पुरस्कार जाहीर झाला आहे की मिळाला आहे, हेही पाहावं. आणि नुसती चर्चा असेल तर गप्प बसावं, कारण यादीतून नाव गळलेल्या माणसाला आलेलं आगाऊ अभिनंदन जखमेवर मीठ असतं.

विकतचे पुरस्कार ही आजची खरी पंचाईत आहे. नोंदणी शुल्क भरा, हॉटेलात या, ‘उद्योगरत्न’ घेऊन जा, असा धंदा जोरात आहे आणि आपल्या ओळखीतलाही कोणी तरी तिथे जाऊन येतो. त्याचं अभिनंदन करावं की नाही? करावं, पण ट्रॉफीचं करू नये. त्याने उभं केलेलं ठिबकचं दुकान, फळबागेला वेळेवर पोहोचवलेला माल, सांभाळलेली माणसं यांत खरं काही असतंच. त्यावर बोललं की खोटंही बोलावं लागत नाही आणि त्याचा पाणउताराही होत नाही. ज्याच्याकडे असं काही सांगण्यासारखं आपल्याला दिसतच नाही, त्याच्याशी आपलं नातं मुळात किती होतं, हे आपणच तपासावं.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यात जोराचा आक्षेप असा, की सत्कार ही आपली रीत आहे आणि चिठ्ठी-निरोपाचं हे खूळ शहरी आहे. चारचौघांत मान मिळावा असं कुणाला वाटत नाही? वाटतं, आणि ते मी नाकारत नाही. गावच्या पोराने शून्यातून वर येऊन काही मिळवलं, तर गावाने त्याला ओवाळलं पाहिजे. पण गावाने आपल्या माणसाचा केलेला सत्कार आणि दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतो त्याचा केलेला सत्कार, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात देवाणघेवाण नाही. दुसऱ्यात हाराच्या एका टोकाला उधारीची मर्यादा बांधलेली असते, आणि ती बघणाऱ्या सगळ्यांना दिसते. शिवाय रीतीचंच म्हणाल, तर बातमी ऐकून घरी जाऊन, पेढा तोंडात घालून, अर्धा तास बसून येणं हीसुद्धा आपलीच रीत आहे. शालीहून जुनी असेल. तिला फोटो लागत नाही, म्हणून ती मागे पडली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: शेजारच्या दुकानदाराने जाहीर सत्कार केला आणि आपण नुसता निरोप पाठवला, तर आपण मागे पडणार नाही का? त्या दिवशी पडल्यासारखं वाटेल. पण सत्कारात मागे उभं राहायला काय हरकत आहे? शेजाऱ्याने बोलावलं तर जावं, टाळ्या वाजवाव्यात, आणि निरोप आदल्या दिवशीच गेलेला असावा. या दोन गोष्टींत भांडण नाही. भांडण फक्त एकीला दुसरी समजण्याशी आहे.

तिसरा आक्षेप लोक बोलून दाखवत नाहीत, पण प्रत्यक्षात तोच सगळ्यात जास्त आडवा येतो: आपल्याला असं लिहिता येत नाही, काहीतरी वेडंवाकडं होईल, साहेब हसतील. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी २०१८ मध्ये आभारपत्रांवर केलेले प्रयोग इथे कामी येतात. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणारा अवघडेल आणि आपल्या शब्दांकडे बघेल. प्रत्यक्षात वाचणारे लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले आणि कमी अवघडले. लिहिणारा शब्दरचनेच्या काळजीत होता, वाचणाऱ्याला आपुलकी दिसत होती. आभार आणि अभिनंदन एकच नाहीत, पण भीती एकच आहे. ज्याला लिहायचं जड जातं त्याने फोन करावा, बीडला गेलं तर पाच मिनिटं डोकावावं, किंवा आवाजाचा निरोप पाठवावा. प्रसंग एक हवा, मग ‘ळ’चा ‘ल’ झाला तरी चालतो.

आणि बातमी उशिरा कळली तर? ऊसतोडीच्या हंगामात किंवा लग्नसराईत बढती झाली, कोणी सांगितलं नाही, आणि चार महिन्यांनी एखाद्या बिलावरच्या सहीखाली नवं पद दिसलं. अशा वेळी बहुतेक जण आता काय बोलायचं म्हणून गप्प बसतात. ती चूक आहे. उशिराचं कारण लांबवून सांगायचं नाही, माफी मागत बसायचं नाही. ‘बिलावर सही पाहिली तेव्हा कळलं’ एवढं खरं सांगावं आणि पुढच्या ओळीत तो प्रसंग लिहावा. पहिल्या दिवशीच्या शंभर निरोपांत तो हरवला असता. चार महिन्यांनी तो एकटाच येतो.